मदत हवी आहे: चुकीच्या मथळ्याबद्दल संपादकांना पत्र

इथल्या एका दैनिकात पहिल्या पानावर मथळा आला, 'नाशिकचे पाणी पिण्यास अयोग्य'. आतली बातमी मात्र रामकुंडाजवळ घेतलेल्या गोदावरीच्या नमुन्याची आहे. शहराला नळाने येणारं पाणी मुख्यतः वरच्या गंगापूर धरणातून शुद्धीकरण होऊन येतं, त्याची तपासणी बातमीत कुठेच नाही. वार्ताहराने नीट लिहिलंय, तक्रार फक्त मथळ्याची. त्याचाच फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय आणि लोक टँकर मागवायला लागलेत.

वाचकांच्या पत्रांच्या ईमेलवर लिहिलं, उत्तर नाही. कार्यालयात फोन केला तर म्हणाले, 'मथळे डेस्क ठरवतं.'

नव्या पत्रात तारीख, पान, मथळा आणि बातमीतलं मूळ वाक्य शेजारी शेजारी देतोय. मागणी एवढीच: 'रामकुंडातील पाणी पिण्यास अयोग्य' अशी दुरुस्ती त्याच पानावर आणि वेबसाइटवरही व्हावी. भांडण नको आहे. तरी प्रेस कौन्सिलकडे जायचं तर आधी संपादकांना लेखी कळवावं लागतं आणि दैनिकासाठी दोन महिन्यांची मुदत असते, म्हणून विचारतो: पत्रं-सदराला गेलेला ईमेल त्यासाठी पुरेसा धरतात, की संपादकांच्या नावे स्पीड पोस्टानेच पाठवावं?