मदत हवी आहे: सभेचे नियम लिहायचेत, ठरावातल्या बदलांपाशी अडलंय

खानापूर_रोड (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या सभेसाठी नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोण किती वेळ बोलणार, ठरावात बदल सुचवायचा तर कसा, आणि गोंधळ झाला तर अध्यक्षांनी काय करायचं, एवढंच हवंय. पुढच्या सभेला वर्गणीवाढीचा विषय आहे, दंगा होणार हे आत्ताच दिसालंय. कुणाकडं तयार नमुना असेल तर टाका. दोन पानांच्या वर नको, कोण वाचत नाहीत.

पुणे_३०
एवढी डोकेफोड कशाला? गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी छापील मिळतात. मेंटेनन्स वाढवताना सिंकिंग फंड वेगळा दाखवा आणि थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावा.

अनगोळकर
अहो, खानापूर रोड बेळगावात आहे. महाराष्ट्राचा सहकार कायदा इथं लागू नाही, आणि सिंकिंग फंडाचं कुणी विचारलेलंही नाही.

धागाकर्ते, सोसायटी म्हणजे नेमकी कुठली? पतसंस्था किंवा दूध सोसायटी असेल तर १९५९ चा कर्नाटक सहकार कायदा, सौहार्द असेल तर १९९७ चा, आणि नुसतं नोंदणीकृत मंडळ असेल तर १९६० चा सोसायटी नोंदणी कायदा. सभेला माणसं किती येतात? घटनेत कोरम आणि मतदानाबद्दल काय लिहिलंय?

खानापूर_रोड
गावचं वाचनालय आहे. १९६० च्या कायद्याखाली नोंदणी. सभासद १८० च्या आसपास, सभेला ४०-४५ येतात. घटनेत कोरम आहे, साधं बहुमत आहे, समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत आहे. बोलण्याबद्दल एक ओळ नाही. कन्नड बोलणारे सभासदही आहेत, ते लिहायचं राहिलं.

जुना_कार्यवाह
आता उत्तर देता येईल.

हे नियम घटनेत घुसवू नका. घटनेत बदल म्हणजे विशेष सभा आणि निबंधकांकडे नोंद, आणि पुढं 'तीन मिनिटं' ची 'चार' करायची तरी पुन्हा तीच वाट. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने वेगळे सभा-नियम करा आणि पहिलंच कलम असं लिहा: 'घटनेशी विसंगती आली तर घटना खरी.' नियमांचा मसुदा नोटिशीसोबत पाठवा आणि विषयपत्रिकेत वर्गणीच्या आधी घ्या. ऐनवेळच्या विषयांत आणलात तर 'आमची तोंडं बंद करायला आणले' असंच म्हणतील, आणि ते चूक ठरवणं अवघड जाईल.

वेळेचं: ठराव मांडणाऱ्याला ५ मिनिटं, बाकी प्रत्येकाला ३, शेवटी सूचकाला उत्तरासाठी ३ आणि उत्तरात नवा मुद्दा नाही. ज्यांना बोलायचंय ते सगळे एकदा बोलून होईपर्यंत कुणाला दुसऱ्यांदा नाही. घड्याळ अध्यक्षांच्या हातात देऊ नका, दुसऱ्या कुणाला बसवा. एक मिनिट उरलं की एक घंटा, संपलं की दोन. अध्यक्षच घड्याळ बघू लागले की 'माझंच का तोडलं' हे भांडण थेट अध्यक्षांवर येतं.

पण ३ मिनिटांनी सभा आवरत नाही. २० जण बोलले तर एकाच विषयावर तास जातो. म्हणून एका ठरावाला एकूण ४० मिनिटं असं छत घाला. त्याआधीही 'चर्चा थांबवून मत घ्यावं' अशी सूचना कुणीही मांडू शकतो, तिच्यावर भाषण नाही, लगेच हात वर. ती मंजूर करायला दोन-तृतीयांश ठेवा. साधं बहुमत ठेवलंत तर मोठा गट दहाव्या मिनिटाला सगळ्यांना गप्प करेल. अशी सूचना मांडायला द्यायची की नाही, हे अध्यक्षांनी ठरवायचं: दोन्ही बाजूंचे निदान तीन-तीन बोलले नसतील तर नाही.

निपाणी_नाका
उपसूचनांचं एवढं काही नसतं. सूचकानं मान्य केली की ठरावात घालायची आणि पुढं जायचं. मत घ्यायची गरज नाही. आणि शिस्तीसाठी लोकसभेसारखं करा, गोंधळ घालणाऱ्याला पाच सभा बंदी.

जुना_कार्यवाह
पहिलं अर्धं बरोबर. ठराव मांडून त्याला अनुमोदन मिळालं की तो सभेचा होतो, सूचकाच्या खिशातला राहत नाही. सूचक-अनुमोदकांनी मान्य केल्यावर अध्यक्षांनी सभेला विचारायचं, 'कुणाची हरकत?' एकाने जरी हात वर केला तरी रीतसर मतदान.

दुसरं पूर्ण चूक. लोकसभेचे अधिकार लोकसभेपाशी. तुमचे अध्यक्ष माणसाला फार तर त्या दिवशीच्या सभेतून बाहेर जायला सांगू शकतात. पुढच्या सभांना बंदी म्हणजे सभासदत्वाचा हक्क काढणं. त्याला घटनेत तरतूद लागते, नोटीस लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

खानापूर_रोड
उपसूचनाच समजावून सांगा की. मूळ ठराव असा आहे: 'वाचनालयाची वार्षिक वर्गणी १ एप्रिलपासून ३०० ऐवजी ५०० रुपये करावी.' आत्तापासूनच कानावर येतंय: कुणाला ४०० हवेत, कुणाला ३५०, एकजण ६०० म्हणालाय, एक 'करू नये' म्हणणार, आणि ६५ वर्षांवरच्यांना जुनीच वर्गणी ठेवा असंही आहे.

जुना_कार्यवाह
छान, यात सगळंच आलं.

'करू नये' ही उपसूचना नव्हे. ज्याला वाढ नको त्याने ठरावाविरुद्ध मत द्यावं. लोकसभेच्या नियमांतही नुसत्या नकारात्मक मताइतकाच परिणाम असलेली उपसूचना चालत नाही. अध्यक्षांनी ती तिथल्या तिथं फेटाळायची.

६०० चं तुमच्या नोटिशीवर अवलंबून आहे. नोटिशीत '५०० करणे' असा आकडा गेला असेल तर ६०० नको. जो सभासद ५०० चालतील म्हणून घरी राहिला, त्याच्या माघारी ६०० होतात. नोटिशीत नुसतं 'वर्गणीवाढीचा विचार करणे' असेल तर ६०० घेता येतील.

उरल्या ३५०, ४०० आणि ६५ वर्षांची सवलत. प्रत्येक लेखी, सूचक-अनुमोदकांच्या सहीने, आणि नेमके शब्द: 'ठरावातील ५०० या आकड्याऐवजी ४०० घालावा.' 'थोडं कमी करा' ही उपसूचना नाही. लेखी नसेल तर इतिवृत्तात काय लिहायचं यावरून पुढच्या सभेत तोच वाद पुन्हा.

एका वेळी एकच, आणि क्रम महत्त्वाचा. मूळ आकड्यापासून सगळ्यात लांबची आधी, म्हणजे ३५० आधी, मग ४००. उलट घेतलंत तर ३५० वालेही ५०० पेक्षा बरं म्हणून ४०० ला हात वर करतात, ४०० मंजूर होतात, आणि मग ३५० घेता येत नाहीत कारण त्या आकड्यावर सभेने निर्णय दिलेला असतो. त्यांची मतं घेतली गेलीच नाहीत असं होतं.

समजा ४२ जण हजर आहेत. ३५० ला १६ बाजूने, २४ विरुद्ध, पडली. ४०० ला २३ बाजूने, १८ विरुद्ध, मंजूर. ६५ वर्षांची सवलत ३४ विरुद्ध ५, मंजूर. इथं सगळ्या सभा चुकतात. अध्यक्ष म्हणतात '४०० मंजूर' आणि पुढच्या विषयावर जातात. ठराव अजून मंजूर झालेलाच नाही, फक्त त्याचे शब्द बदललेत. आता दुरुस्त ठराव मोठ्याने वाचायचा: 'वर्गणी १ एप्रिलपासून ३०० ऐवजी ४०० करावी, ६५ वर्षांवरील सभासदांना ३०० राहावी.' आणि त्यावर पुन्हा मत घ्यायचं. तिथं २० बाजूने आणि २१ विरुद्ध पडू शकतात, कारण ४०० ला हात वर करणाऱ्यांत ज्यांना वाढच नको होती तेही होते. तसं झालं तर वर्गणी ३०० च. शेवटचं मत घेतलंच नाही तर २१ जणांनी नाकारलेली वाढ तुमच्या पावतीवर येते.

अनगोळकर
क्रमाबद्दल माझं वेगळं आहे. पैशाच्या विषयात मोठा आकडा आधी घ्यावा, संस्थेचा खर्च भागला पाहिजे. लांबची आधी म्हटलं की मागणी कमी करणाऱ्यांना दोन संधी मिळतात.

जुना_कार्यवाह
दोन संधी मिळत नाहीत, त्यांची पहिली पडली तरच दुसरी येते. पण 'मोठा आधी' ही रीत काही संस्थांत आहे, मान्य. कुठलीही घ्या, नियमांत लिहून ठेवा, म्हणजे अध्यक्षांनी त्या दिवशी सोयीने ठरवलं असं होणार नाही.

येळ्ळूर_वेस
वेळेतला एक खड्डा राहिला. प्रत्येक उपसूचनेवर सगळ्यांना पुन्हा ३ मिनिटं मिळतात. तीन उपसूचना म्हणजे तीच भाषणं चार वेळा. उपसूचनेवर २ मिनिटं, आणि ४० मिनिटांचं छत उपसूचनांसकट असं लिहा.

आणि चहा मध्ये देऊ नका. चहा-भजी आली की निम्मे व्हरांड्यात, निम्मे तसेच घरी. पुढच्या मतदानाला कोरम नाही म्हणून कुणीतरी हरकत घेतो.

निपाणी_नाका
मग कोरम मोजायचा कधी? सभा सुरू होताना झाला की झाला.

येळ्ळूर_वेस
ते घटनेत काय लिहिलंय त्यावर आहे. धागाकर्त्यांनी ती ओळ इथं टाकावी.

शहापूर_पेठ
कन्नडचा मुद्दा कुणी घेतला नाही. सभासद कन्नडमध्ये बोलला आणि त्याचं मराठीत सांगितलं, तर भाषांतराचा वेळ त्याच्या तीन मिनिटांत धरू नका, नाहीतर त्याला दीडच मिनिट मिळतं. घंटा वाजवणाऱ्याने भाषांतर सुरू झालं की घड्याळ थांबवायचं. उपसूचना मतदानाआधी दोन्ही भाषांत वाचायची. आणि दोन्ही मजकुरांत फरक निघाला तर कुठला खरा, हे आधीच लिहून ठेवा. ज्या भाषेत सही करून दिली तोच खरा, हे सोपं पडतं.

खानापूर_रोड
हे फार कामाचं. आता गोंधळाचं राहिलं. आमच्याकडं प्रत्येकजण 'हरकतीचा मुद्दा' म्हणून उठतो आणि भाषण ठोकतो.

जुना_कार्यवाह
मग कलम असं: हरकत घेणाऱ्याने पहिल्या वाक्यात कुठला नियम मोडला ते सांगायचं, एकूण एक मिनिट. 'हे खोटं बोलतायत' हा हरकतीचा मुद्दा नव्हे, ते चर्चेत सांगायचं. अध्यक्षांनी लगेच निर्णय द्यायचा, त्यावर चर्चा नाही. निर्णय पटला नाही तर पाच सभासदांनी उभं राहून आव्हान द्यायचं. तेवढ्यापुरते उपाध्यक्ष खुर्चीवर, आव्हान देणारा आणि अध्यक्ष दोनदोन मिनिटं बोलणार, मग मत. समसमान पडली तर अध्यक्षांचा निर्णय कायम. आव्हानाची सोय ठेवा. सोय नसली की माणसं माईक धरून बसतात.

शिस्तीच्या पायऱ्या: आधी नाव घेऊन समज. दुसऱ्यांदा त्या विषयावर बोलणं बंद. तिसऱ्यांदा बाहेर जायला सांगणं, पण सभेचं मत घेऊन, अध्यक्षांच्या एकट्याच्या अंगावर नको. नाहीच गेला तर हात लावायचा नाही, सभा १५ मिनिटं तहकूब. प्रत्येक पायरी वेळेसकट इतिवृत्तात.

अनगोळकर
समसमानला निर्णायक मत अध्यक्षांना घटनेनेच दिलंय. मग अध्यक्षांच्याच निर्णयावर आव्हान असताना खुर्चीवर बसलेले उपाध्यक्ष ते वापरणार काय? तुम्ही 'निर्णय कायम' म्हणताय, घटना वेगळं म्हणू शकते, आणि घटना खरी असं पहिल्या कलमात तुम्हीच लिहायला सांगितलंय.

जुना_कार्यवाह
मुद्दा आहे. धागाकर्ते, घटनेतली निर्णायक मताची ओळ जशीच्या तशी टाका. 'अध्यक्ष' लिहिलंय की 'सभेचे अध्यक्षस्थान भूषवणारी व्यक्ती', त्यावर सगळं आहे. 'अध्यक्ष' असेल तर उपाध्यक्षांना ते मत नाही असं मी धरीन.

पुणे_३०
आमच्या इमारतीत अध्यक्ष निर्णायक मत कधीच वापरत नाहीत.

खानापूर_रोड
घटनेची प्रत कन्नडमध्ये नोंदवलेली आहे, मराठी प्रत आम्ही नंतर केलेली. मराठीत 'अध्यक्ष' लिहिलंय, कन्नड प्रतीत काय आहे ते उद्या कार्यालयात बघून टाकतो. कोरमची ओळही बघतो.