मदत हवी आहे: एअरप्लेन मोडमध्येही बॅटरी कशामुळे उतरते?

कोकण रेल्वेने ठाणे ते मडगाव प्रवास असतो. रत्नागिरीच्या आसपास बोगदे सुरू झाले की रेंज सारखी जाते, फोन टॉवर शोधत तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून मी पनवेलनंतर एअरप्लेन मोड लावते, त्यातच ब्लूटूथ चालू करून डाउनलोड केलेली गाणी ऐकते. मेसेज पाहायला वाय-फाय चालू करून नवऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घेते.

फोन आता तापत नाही, पण स्क्रीन बंद असूनही तासाला सहा-सात टक्के जातात. फोन अँड्रॉइड, दीड वर्ष जुना. घरी वाय-फायवर तीच गाणी ऐकताना इतकी उतरत नाही. ब्राइटनेस कमी आहे, बॅटरी सेव्हर लावून पाहिला. फारसा फरक नाही. बॅटरी युसेजमध्ये कुठलंच ॲप वर दिसत नाही. लोकेशन मात्र चालूच राहतं, कारण एअरप्लेन मोडने जीपीएस बंद होत नाही.

स्लीपरमधलं चार्जिंग भरवशाचं नसतं आणि ब्लूटूथ मला हवंच आहे. बोगद्यात हॉटस्पॉटचं नेट गेल्यावर ॲप पुन्हा पुन्हा सिंक करायला बघतात, त्यात बॅटरी जाते, की लोकेशनमधल्या वाय-फाय स्कॅनिंगमुळे? आधी काय बंद करून तपासू?