ट्रेटिनॉइन रोज रात्री की दोन रात्री सोडून? आपल्या दमट हवेत कुणाचं ऐकायचं?

रेवा, रत्नागिरी
मुरुमांसाठी डॉक्टरांनी ०.०२५ टक्क्यांचं ट्रेटिनॉइन क्रीम दिलं आणि "रात्री लावा" एवढंच सांगितलं. दहा रात्री रोज लावलं, २० ग्रॅमची ट्यूब निम्मी झाली. आता तोंडाच्या आणि नाकाच्या कडेची सालं निघतायत, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं, हनुवटीवर नव्या पुळ्या आल्यात. मैत्रीण म्हणते रोज लावत राहा. आई म्हणते फेकून दे. कुणाचं ऐकू?

निखिल, दापोली
मैत्रिणीचं ऐक. मी पहिल्या रात्रीपासून रोज लावतोय, तेही ०.०५ चं जेल, आणि मला काही झालं नाही. दोन रात्री सोडून लावा, वर मॉइश्चरायझर थापा, हे कोरड्या हवेतल्या लोकांसाठी ठीक आहे. आपल्याकडे पावसात धुतलेला टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे कातडी कशाला कोरडी पडेल? मॉइश्चरायझरने घाम तेवढा वाढतो. आणि नव्या पुळ्या येतायत म्हणजे औषध लागू पडतंय. आता थांबलीस तर दहा रात्री फुकट गेल्या.

वैशाली, सावंतवाडी
रेवा, आज रात्री क्रीम लावू नकोस, पण ट्यूब फेकूही नकोस. मी त्वचारोगाच्या ओपीडीत परिचारिका म्हणून १४ वर्षं काढलीत. असा चेहरा घेऊन येणाऱ्या मुली आठवड्याला दोन-तीन तरी असायच्या, आणि बहुतेकींची चूक प्रमाणात असायची.

तुझ्या ट्यूबचाच हिशेब बघ. दहा रात्रींत दहा ग्रॅम, म्हणजे एका रात्री एक ग्रॅम. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं आणि ते साधारण पाव ग्रॅम भरतं. तू रोज चौपट लावत होतीस. वाटाणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मटारचा टपोरा दाणा येतो. तू काळ्या वाटाण्याचं सांबार करतेस ना, त्यातला वाटाणा आठव, पण भिजवायच्या आधीचा, सुका. तेवढंच बोटावर घ्यायचं. कपाळावर एक ठिपका, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक, मग हलक्या हाताने पसरायचं. बोटाला उरेल ते नाकावर. पसरल्यावर चेहऱ्यावर पांढरं काही दिसता कामा नये. दिसलं तर जास्त झालं. नुसत्या पुळीवर टिकली लावण्यातही अर्थ नाही, कारण हे औषध आलेल्या पुळीपेक्षा पुढच्या पुळ्यांवर जास्त काम करतं. छिद्रात साचणारा मळ सैल करून तो तुंबू देत नाही.

आता पाण्याने चुरचुरणं थांबेपर्यंत नुसता सौम्य फेसवॉश आणि साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. चार-पाच दिवस लागतील, कदाचित आठवडा. मग सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनच रात्री, असे दोन आठवडे. चेहरा शांत राहिला तर एक रात्र सोडून एक. तेही महिनाभर निभावलं तर रोज. आणि ज्यांनी हे दिलंय त्या डॉक्टरांना एकदा चेहरा दाखवून ये, फोनवर सांगून भागत नाही.

निखिल, दापोली
ताई, मग मला काहीच कसं झालं नाही?

वैशाली, सावंतवाडी
निखिल, तुझी कातडी तेलकट आणि जाड असणार. अशा लोकांना रोज लावलेलं सोसतं. या औषधाच्या चाचण्यांतही पुष्कळदा रोज रात्रीच लावलेलं आहे, तेव्हा तुझं म्हणणं अगदीच चूक नाही. दमट हवेत मॉइश्चरायझर कमी लागतं, हेही खरं. जाड क्रीमऐवजी पातळ लोशन किंवा जेल चालतं.

पण सालं निघतात ती हवेमुळे नाही. पेशी लवकर लवकर नव्या होतात आणि वरचा थर पातळ, कच्चा राहतो म्हणून. तो रत्नागिरीतही राहतो आणि पुण्यातही. उलट आपल्या हवेचा एक वेगळाच त्रास आहे. ओल्या कातडीत औषध जास्त आणि पटकन शिरतं, म्हणून चुरचुरतं. चेहरा धुतल्यावर टिपायचा आणि वीसेक मिनिटं पंख्याखाली बसायचं. जुलैत वीज गेली की चेहऱ्याचा घाम काही वाळत नाही. तशा रात्री मी सरळ सांगते, आज राहू दे. एका रात्रीने काही बिघडत नाही. घामाने क्रीम ओघळून डोळ्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांत जातं, रेवाची सालं बरोबर तिथेच निघतायत. लावायच्या आधी त्या कोपऱ्यांना आणि नाकपुड्यांच्या घडीला व्हॅसलीनचं बोट फिरवायचं.

आणि मी हळू जा म्हणते त्याचं खरं कारण डाग. आपल्या सावळ्या कातडीवर आग झाली, लाली आली, की मागे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्महिने जात नाही. मुरुमं गेली आणि तोंडाभोवती काळं वर्तुळ राहिलं, अशा मुली मी पाहिल्यात. रडायच्या बिचाऱ्या.

शुभदा काकू, अलिबाग
एवढं कशाला घाबरवता पोरीला? आमच्या वहिनी हेच औषध असलेली ट्यूब मेडिकलमधून आणतात. आठ दिवसांत चेहरा असा उजळतो की बघत राहावं. ना सालं, ना आग.

वैशाली, सावंतवाडी
काकू, आठ दिवसांत उजळलं ना, तिथेच मला शंका आली. ट्यूबवर घटक छापलेले असतात. ट्रेटिनॉइनच्या शेजारी हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन लिहिलंय का, ते आजच बघा. ती वेगळीच ट्यूब आहे. त्यातलं तिसरं औषध स्टेरॉइड असतं, ते आग दाबून टाकतं, म्हणून सगळं गोड वाटतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरुमं उलट वाढतात, आणि लावायचं थांबवलं की चेहरा पेटतो. वांगासाठी डॉक्टर थोडे आठवडे देतात, स्वतःच्या देखरेखीखाली. मुरुमांवर ती लावायची नसते. वहिनींनी बरेच महिने लावली असेल तर एकदम बंद न करता आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

मृणाल, मालवण
माझं सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी हेच क्रीम रोज लावत होते आणि गणपतीच्या दोन दिवस आधी पार्लरमध्ये वरच्या ओठाचं वॅक्स केलं. पट्टी ओढली तशी केसांबरोबर कातडीही निघाली. ओठावर बोटभर ओलसर लाल पट्टा. सगळे नातेवाईक घरी आणि मी आरतीला तोंडावर ओढणी धरून उभी. तो डाग दिवाळीपर्यंत होता. वॅक्स, ब्लीच, फेशियल, काही करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी आता ओठाला वॅक्स करतच नाही.

आणि रेवा, रात्री डोक्याला खोबरेल चोपडत असशील तर तेही बंद कर. माझ्या कपाळावरच्या बारीक पुळ्या निम्म्या तेलाच्याच होत्या.

रेवा, रत्नागिरी
खोबरेल लावते, रोज! आजीने सालं निघतायत म्हणून काल कोकमाचं मुठेलही लावायला सांगितलं, टाचांना लावतो तसं. लावू का? आणि हनुवटीच्या नव्या पुळ्या म्हणजे निखिलदादा म्हणतो तसं औषध लागू पडतंय की चेहरा बिघडतोय, हे ओळखायचं कसं?

वैशाली, सावंतवाडी
मुठेल टाचांना उत्तम. मुरुमांच्या चेहऱ्यावर नको, एवढं घट्ट तेल मी कधी लावू देत नाही.

पुळ्यांचं म्हणशील तर जागा बघ. नेहमी जिथे येतात तिथेच, नेहमीसारख्याच, फक्त जास्त संख्येने आल्या, तर आत तुंबलेलं वर येतंय. हे दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होतं आणि मग ओसरतं. कधी पुळ्या नसलेल्या जागी लाली, चरचर, चकाकणारी ताणलेली कातडी असेल तर ती आग. तुझ्यात दोन्ही दिसतंय. पापण्या सुजल्या, पाणी सुटलं किंवा खूप खाज आली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

सकाळी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन हवंच, आणि घामाने गेलं की पुन्हा लावायचं. नव्या कातडीला ऊन फार लागतं. लग्न झालं असेल आणि बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, गरोदरपणात हे लावत नाहीत.

निखिल, दापोली
एक तरी माझं ऐका. मॉइश्चरायझर आधी लावून वर औषध लावायचं हे मला पटत नाही. अशाने औषध आत जाणार किती?

वैशाली, सावंतवाडी
यावर डॉक्टरांचंही एकमत मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे एक डॉक्टर आधी लावायला सांगायचे, दुसरे नंतरच. माझा अनुभव असा की खाली एक आणि वर एक असे दोन थर दिले तर जोर कमी होतो, पण एकच थर दिला तर फार फरक पडत नाही. नाजूक चेहऱ्याला मी आधीचा थर सुचवते. जोर थोडा कमी झाला तरी चालेल, पण माणूस तीन महिने टिकला पाहिजे. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनीच दिसतो.

निखिल, दापोली
मी तरी आधी लावणार नाही. पण रेवाने लावावं, हे मान्य.

रेवा, रत्नागिरी (सात आठवड्यांनी)
कळवायचं राहून गेलं होतं. सहा दिवस बंद ठेवलं, मग सोमवार-गुरुवार, आता एक रात्र सोडून एक. आधी लोशन, मग सुक्या काळ्या वाटाण्याएवढं क्रीम. आईने डब्यातून एक वाटाणा काढून आरशाच्या फळीवर ठेवलाय, रोज त्याच्याशी मापून घेते. तेव्हाची अर्धी ट्यूब अजून चाललीय. सालं गेली, कोपरे बरे झाले. डाव्या गालावर पुळ्या जवळजवळ नाहीत. हनुवटीवर मात्र पाळीच्या आठवड्यात मोठ्या, दुखऱ्या गाठी येतातच. आता रोज लावू का?

वैशाली, सावंतवाडी
अजून दोन आठवडे असंच चालू दे. त्या गाठींसाठी क्रीम वाढवू नकोस, पाळीबरोबर येणाऱ्या खोल गाठींना पुष्कळदा वेगळं औषध लागतं. पाळी वेळेवर येते का, ओठावर-हनुवटीवर केस वाढलेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांग. ते विचारतीलच असं नाही.