विसर्ग की अपूर्णविराम?

> सगळ्या फाइलला एकच फाँट लावला, तरी इंग्रजी शब्द वेगळे दिसतात. ‘विषय’ पुढचे दोन ठिपकेही कुठे जवळ, कुठे लांब.

वर्डमध्ये देवनागरी आणि रोमन अक्षरांचे फाँट वेगवेगळे साठवले जातात. Ctrl+D दाबा, Latin text आणि Complex scripts दोन्ही रकाने भरा. शक्यतो हे स्टाइलमध्येच करा, नाहीतर नवा परिच्छेद पुन्हा बिघडतो.

ठिपक्यांचं दुखणं मात्र निराळं आहे. काही ठिकाणी अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप झालाय: ‘विषयः’ आणि ‘विषय:’. ठिपक्यांच्या आधी स्पेस द्या. तुटक वर्तुळ उमटलं तर तो विसर्गच. Replace All मात्र अजिबात करू नका, ‘स्वतः’, ‘अंशतः’, ‘दुःख’ यांचा चुथडा होईल. शोधाच्या खिडकीत विसर्ग आणि त्यापुढे एक स्पेस टाका, म्हणजे ‘दुःख’ आपोआप वगळला जाईल. उरलेले एकेक बघून बदला. परिच्छेदाच्या शेवटी आलेले विसर्ग यात सापडत नाहीत, त्यांच्यासाठी `ः^p` शोधा.

आकडे सगळ्यात शेवटी घ्या. मराठी वाक्यात ‘२५’ करा, पण ईमेल, वेबपत्ते आणि इंग्रजी वाक्यांतले आकडे इंग्रजीच ठेवा. पत्त्यातला अंक देवनागरी झाला की लिंक चालत नाही.