‘काही’ला ‘सगळे’ धरलं की गंडतं
>सगळे मोसंबीवाले बोअरवाले, काही बोअरवाले ट्रॅक्टरवाले, मग काही मोसंबीवाले ट्रॅक्टरवाले हे चूक कसं?

कारण तुम्ही दुसरं वाक्य मनात ‘सगळे बोअरवाले ट्रॅक्टरवाले’ असं वाचलं, तसं असतं तर निष्कर्ष बरोबरच होता. आमच्या जालन्याकडचंच एखादं गाव धरा, बोअरवाले 10, गावातले सगळे 4 मोसंबीवाले त्यातलेच, उरलेले 6 कापूसवाले, आणि ट्रॅक्टर फक्त 3 कापूसवाल्यांच्या दारात. दोन्ही विधानं खरी आहेत की नाही? पण एकाही मोसंबीवाल्याकडं ट्रॅक्टर नाही. असं एक गाव जरी मांडता आलं तरी निष्कर्ष ‘निघत नाही’, मग खऱ्या गावात काय का असेना.

मी पण इथंच मार्क घालवलेत, कारण गोलांची वेन आकृती काढताना ट्रॅक्टरचा गोल सवयीनं मोसंबीच्या गोलावर चढवायचो. तो बोअरच्या गोलात शिरला पाहिजे पण मोसंबीला न शिवता काढून बघायचा, जमला की उत्तर ‘नाही’. मात्र पर्यायात ‘काही मोसंबीवाले ट्रॅक्टरवाले असण्याची शक्यता आहे’ असं असेल तर ते बरोबर धरायचं, आमच्या बॅचची निम्मी पोरं तिथं उलटी चुकायची.