मदत हवी आहे: टेबलचा उजवा कडेचा भाग फोटोत आलाच नाहीये

भाच्याने मित्राच्या पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवलाय, आणि फोटो काढताना टेबलची उजवी बाजू कापली गेलीय. गणित असं आहे की ३० मुलांच्या गुणांचा मध्य १५ आहे, तर २५ गुण मिळालेली मुलं किती? टेबलमध्ये गुण ५, १०, १५, २० दिसतात, त्याखाली मुलं ४, ६, १०, आणि २० खालचा आकडा अर्धाच दिसतो, मला तो ७ वाटतो पण ६ पण असू शकतो, त्याच्या पुढे सगळं गायब.

मी आधी ७ धरला. मग ३० मधून २७ वजा, उरली ३ मुलं. एकूण गुण १५ गुणिले ३० म्हणजे ४५०, दिसणाऱ्या रकान्यांचे ३७०, म्हणजे ३ मुलांना मिळून ८० हवेत. सगळी २५ वाली धरली तर ७५ च होतात! मग वाटलं पुढे ३० चा पण रकाना असेल, तेव्हा २५ वाले २ आणि ३० वाला १, बरोब्बर जुळतं. पण ६ धरला तर एकाच रकान्यात ४ मुलं, २५ वाली, तेही जुळतं.

मग उत्तर २ की ४? गंमत म्हणजे मध्यक दोन्हीकडे १५ च येतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. पुस्तक आता हाताशी नाहीये, त्यामुळे दुसरा फोटो लगेच मिळणार नाही. फोटोवरूनच ठरवायची काही युक्ती आहे का, की दोन्ही शक्यता लिहून ठेवू?