‘आम्ही झाडे लावलो’ चालेल का?

“मुलीच्या दहावीच्या सराव निबंधात ‘आम्ही शाळेमागे झाडे लावलो’ असं वाक्य आहे. बरोबर आहे ना?”

नाही, ‘झाडे लावली’ हवं. सकर्मक क्रियापद भूतकाळात सहसा कर्माप्रमाणे बदलतं: झाड लावलं, रोपटी लावली, वेल लावला. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागलं की मात्र ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं, म्हणून ‘आम्ही मुलांना बोलावले’.

या प्रश्नाला दुसऱ्या कुणी उत्तर देताना सगळीच ‘-लो’ रूपं बदलायला सांगितलंय, ते पटलं नाही. माझ्या भाच्याच्या निबंधात मीच चुकून ‘मी डबा विसरलो’चं ‘विसरला’ करून ठेवलं होतं. विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालतात. तपासताना प्रत्येक ‘-लो’खाली रेघ मारा आणि ‘मी’च्या जागी ‘राम’ ठेवून वाचा: ‘रामने झाड लावलं’, पण ‘राम डबा विसरला’. ‘ने’ लागला तर ‘-लो’ चूक.